दोन पुसलेले त्रिकोण

माझ्या डाव्या भुवईत एक वण आहे. सात टाके पडले होते. कुणी विचारलं की मी सांगतो, आयात शुल्काचा आहे. लोक हसतात, कारण मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होतो आणि मास्तर लोकांचे विनोद असेच असतात असं त्यांना वाटतं. घरातले मात्र दुसरंच सांगतात. आक्कानं दादाला कात्री फेकून मारली आणि हा मध्ये पडला, असं. तेही मी कधी खोडून काढलं नाही. पण आता सत्तरी आली, तेव्हा खरं काय ते लिहून टाकतो.

आमच्या घरात चर्चा हा प्रकार नव्हता. वडील हातातलं असेल ते फेकत, आणि आम्ही तिघं भावंडं त्यांच्यावरच गेलो. दादानं एकदा परीक्षेच्या निकालावरून दाराची फळी लाथेनं मोडली होती. आक्का लहानपणी चावायची. मी सगळ्यांत धाकटा, त्यामुळे मार खाणारा, आणि म्हणूनच की काय, जिभेनं बोचकारायला शिकलेला. मोठे झालो, लग्नं झाली, तरी एका खोलीत तिघं आलो की बायका-मुलं काचेची भांडी आत नेऊन ठेवत.

दादाचा हडपसरला चेनचा कारखाना होता. चेन म्हणजे पॅंटला, बॅगला लावतात ती. दात बसवलेली पट्टी रोलनं विकायची आणि ती बंद करायचा रनर वेगळा. आक्काचं बिबवेवाडीत बॅगांचं वर्कशॉप होतं. सहा शिलाई मशिनं, एक मोठं कटिंग टेबल, आणि शाळेच्या दप्तरांपासून टिफिनच्या पिशव्यांपर्यंत सगळं. नवरा गेल्यावर तिनं ते स्वतःच्या जोरावर उभं केलं होतं. ते वर्कशॉप म्हणजेच आक्का. ते गेलं असतं तर तिच्याकडे उरलं असतं फक्त तोंड, आणि त्याच्यावर पोट भरत नाही.

आता कुणालाही वाटेल की भावाची चेन, बहिणीच्या बॅगा, घरच्या घरी जमलं असेल. छे. आक्का चेन घ्यायची रविवार पेठेतल्या एका शेठकडून. शेठचं घराणं पेठेत पिढ्यान् पिढ्या व्यापारात. परदेशी माल खुला झाल्यावर ते चीनहून चेनचे रोल मागवायला लागले. हजार रुपयांना रोल. दादाचाही रोल हजारालाच, कारण त्याहून वर सांगितलं की गिऱ्हाईक शेठच्या पायरीवर. आणि उधारी शेठ द्यायचे, दादा द्यायचा नाही. सख्ख्या बहिणीला तर नाहीच.

एकदा मी शेठना विचारलं होतं, आपण पुणेकरांनी किंवा सगळ्या देशानंच चेन घेणं कमी केलं, तर तिकडचे भाव उतरतील का? शेठ हसले. म्हणाले, "प्रोफेसर साहेब, त्यांच्या बाजारात आपण चहाच्या टपरीवर कटिंग मागणारे. आपण आलो काय, गेलो काय, चहाचा भाव तोच." वर्गात मी हेच दोन तास घेऊन सांगायचो.

तर त्या हजारात दादाचं भागेना. त्याच्यासारखे पंधरा-वीस कारखानदार होते, सगळ्यांचं रडगाणं एकच. त्यांनी मिळून दिल्लीला अर्ज करायचं ठरवलं की बाहेरच्या चेनवर ड्युटी लावा. दादा माझ्याकडे आला. "तू शिकलेला आहेस, एकदा तरी घराला उपयोग होऊ दे," म्हणाला. मी रागावलो आणि लिहायला बसलो. आमच्याकडे विनंती अशीच करतात आणि मान्यही अशीच होते.

मी आठ पानांचं टिपण लिहिलं. सात पानांत कारखान्यांची बाजू होती आणि खरी होती. आठव्या पानावर मी आकृती काढली होती. मागणीची रेघ, पुरवठ्याची रेघ, हजाराची आडवी रेघ, वर ड्युटीनंतरच्या बाराशेची. त्या दोन आडव्या रेघांच्या मधे चार तुकडे पडतात. एक कारखानदारांना जातो, एक सरकारला. उरतात दोन छोटे त्रिकोण, डावीकडे एक, उजवीकडे एक. ते कुणालाच जात नाहीत.

दादानं पान उलटसुलट पाहिलं. "हे काय?"

"हे नुकसान. ड्युटीमुळे देशाचं होणारं."

"लग्नाच्या पत्रिकेत मुलीचे दोष छापतात का रे?" तो म्हणाला. "एवढेसे त्रिकोण आहेत. काढून टाक."

मला तेव्हा राग यायला हवा होता. आयुष्यभर नको तिथे आला, तेव्हा नाही आला. आकृती पेन्सिलीची होती. मी खोडरबर घेतलं आणि दोन्ही त्रिकोण पुसले. खालची चार वाक्यंही पुसली. माझ्या टिपणामुळेच ड्युटी लागली असं नाही. दिल्लीत माझ्याहून हुशार माणसं बसलेली असतात. पण माझ्या हातानं मी जे पुसलं ते मला माहीत होतं.

काही महिन्यांनी ड्युटी लागली. वीस टक्के. दादानं कारखान्याच्या फळ्यावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं: "ड्युटी वाढली आहे. ऑफिसात पेढे आहेत. एकेकच घ्यावा."

मी त्या दिवशी मुद्दाम हडपसरला गेलो होतो. पाहतो तो ऑफिसची काच खळ्ळकन फुटली आणि आतून पेढ्यांचा बॉक्स बाहेर आला. कामगारांसाठी ड्युटी म्हणजे पाळी. आठ तासांची ड्युटी, रात्रीची ड्युटी, डबल ड्युटी. दुसरा अर्थ त्यांनी कशाला ऐकलेला असेल? त्यांनी वाचलं की कामाचे तास वाढले, आणि वर एक पेढा, तोही मोजून.

"आठाचं बारा तास केलं आन् त्वांड गोड करताय व्हय?" मांजरीकडचा एक आडदांड गडी ओरडला. त्यानं दादाची कॉलर धरली होती. समजावून सांगणं हे आमच्या रक्तात नाही. दादानं टेबलावरची लोखंडी फूटपट्टी त्याच्या मनगटावर हाणली. मग तिथे जे झालं त्याला हाणामारीच म्हणतात. स्टुलं उडाली. दादाच्या नाकातून रक्त शर्टावर आलं. मी मध्ये घुसून "अहो, सरकारची ड्युटी! बाहेरच्या मालावरची!" असं घसा फुटेस्तोवर ओरडत होतो आणि पाठीत गुद्दे खात होतो. शेवटी एका म्हाताऱ्या कामगाराला कळलं. तो हसत सुटला. मग सगळेच हसले, दादाही, रक्ताळलेल्या तोंडानं. काचेचे तुकडे झटकून लोकांनी पेढे खाल्ले.

तीन आठवड्यांनी दादानं दुसरी पाळी सुरू केली. तेव्हा कुणी हसलं नाही. म्हणजे त्या लोकांनी फळा बरोबरच वाचला होता.

पण त्याच्या आधी पेठेत रक्त सांडलं. ड्युटी लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी शेठच्या दुकानात रोल बाराशे झाला. आक्का मला बरोबर घेऊन गेली होती, कारण तिला वाटलं मी काही बोललो तर शेठ ऐकतील. दुकानासमोर बॅगवाल्यांची गर्दी होती. कोंढव्याचे, भवानी पेठेतले, बिबवेवाडीचे. ते ओरडत होते की हा माल जुना आहे, जुन्या भावात आलेला आहे, मग बाराशे का? शेठ सांगत होते की हा संपला की पुढचा मला बाराशेलाच पडणार, आज हजाराला दिला तर उद्या काय आणू? शेठ बरोबर होते. पण बरोबर असल्यानं कुणाचा मार चुकत नाही.

कुणीतरी रोल उचलून बाहेर फेकला. तो उलगडत गटारापर्यंत गेला. मग फळ्या, तराजू, बरण्यांतले रनर, सगळं. शेठ आडवे आले तर त्यांना ढकललं, आणि पायरीवर पडल्यावर एकानं त्यांच्या हातावर लोखंडी कपाट लोटलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. वाळकी फांदी गुडघ्यावर मोडावी तसा. "साठेबाज! चोर!" म्हणून लोक ओरडत होते.

आणि त्याच दिवशी, त्याच सकाळी, हडपसरला दादानंही रोल बाराशे केला होता. त्यानं तर एक पैसा ड्युटी भरली नव्हती, भरायची नव्हतीच. बाहेरचा माल बाराशे झाला की आपल्या मालालाही बाराशे मिळतात, त्यासाठीच तर अर्ज केला होता. दादाला कुणी चोर म्हटलं नाही. ड्युटीचा अर्थ मी कामगारांना ओरडून सांगितला होता, पाठीत गुद्दे खात सांगितला होता. पेठेत मी गर्दीच्या कडेला उभा राहिलो आणि एक अक्षर बोललो नाही. बोललो असतो तर कुणीतरी विचारलं असतं, तुम्हाला कसं माहीत? मी भ्यालो.

आक्काला माझा चेहरा वाचता येतो. शेठना रिक्षात घालून दवाखान्यात पोचवल्यावर ती मला वर्कशॉपमध्ये घेऊन आली, दार लावलं आणि कटिंग टेबलावर कपड्यावर रेघा मारायचा खडू माझ्यासमोर आपटला.

"बोल. माझे दोनशे रुपये कुठे गेले?"

मी टेबलावरच आकृती काढली. सोपं व्हावं म्हणून आकडे मनाचे धरले. समज, बाजारात दिवसाला शंभर रोल खपत होते. चाळीस आपल्याकडच्या कारखान्यांचे, साठ बाहेरचे. भाव बाराशे झाला. आता नव्वदच खपतात. आपले कारखाने जास्त बनवायला लागले, पंचावन्न. बाहेरून येतात फक्त पस्तीस.

"त्या पस्तिसांवर दोनशे प्रमाणे सात हजार सरकारला," मी म्हणालो. "ते वाया नाहीत. रस्ता होईल, शाळा होईल."

"होईल तेव्हा होईल. पुढे."

"साडेनऊ हजार दादासारख्यांचा फायदा. आणि तुम्हा घेणाऱ्यांचं एकूण नुकसान एकोणीस हजार."

आक्का सातवी शिकलेली, पण हिशेबात तिला कुणी हरवलेलं मी पाहिलं नाही. "सात आणि साडेनऊ, साडेसोळा," ती म्हणाली. "माझ्या खिशातून एकोणीस गेले. अडीच हजार कुठे आहेत?"

मी दोन त्रिकोण खडूनं भरले. "हा डावीकडचा, पंधराशेचा. हे जे पंधरा रोल इथे जास्त बनतात ना, ते बाहेर हजाराला मिळत होते. इथे ते बनवायला हजारापेक्षा जास्त खर्च येतो. कुणाला अकराशे, कुणाला पावणेबाराशे. तेवढी पितळी तार, वीज, माणसांचे कष्ट फुकट जातात. आणि हा उजवीकडचा, हजाराचा. हे दहा रोल आता कुणी घेतच नाही. ज्या बॅगा हजाराच्या चेनमध्ये परवडत होत्या त्या बाराशेच्या चेनमध्ये शिवल्याच जात नाहीत."

"हे कुणाला मिळतं?"

"कुणालाच नाही."

ती उजवीकडच्या त्रिकोणाकडे बघत राहिली. तिच्या सहांपैकी तीन मशिनांवर शाळेची स्वस्त दप्तरं शिवली जात. त्यांत पाच-दहा रुपयांवर सगळा खेळ होता. मग तिनं हळू विचारलं, "हे दादाच्या अर्जात होतं?"

आमच्या घरात हळू कुणी बोलत नाही. मला खोटं सुचलं नाही. "होतं," मी म्हणालो. "मी पुसलं."

मला वाटलं ती मारील. तिनं मारलं नाही. ती ओल्या फडक्यानं टेबल पुसायला लागली.

त्या मोसमात आक्कानं दप्तरांचं काम बंद केलं. तीन मशिनं विकली. त्यांतल्या एका मशिनवर वहिनी बसायच्या. आमच्या कुणाच्या वहिनी नव्हेत. सगळं वर्कशॉप त्यांना वहिनी म्हणायचं. चाळिशीच्या, हडपसरच्या पलीकडच्या गावच्या, शेत बिल्डरला गेलेलं. चेन लावणं हे बॅगमधलं सगळ्यांत कठीण काम, आणि वहिनी ती डोळे मिटूनही सरळ लावत. उजव्या हाताची दोन बोटं सुईच्या अगदी जवळ ठेवून कापड पुढे सरकवायच्या. आक्का म्हणायची, माझं वर्कशॉप या दोन बोटांवर चालतं.

काम गेल्यावर वहिनी दादाकडे गेल्या. तिथे दुसऱ्या पाळीला माणसं हवी होती. "ताई, राग मानू नका," त्या आक्काला म्हणाल्या होत्या. "हितं काम न्हाई, तिकडं काम हाय. चेन लावायची ती आता ठोकायची, एवढंच."

दादाची चांगली मशिनं आधीपासूनच पूर्ण चालत होती. जास्तीचे रोल काढायला त्यानं शेडमागची जुनी प्रेस काढली. पट्टीवर पितळी दात ठोकणारी, पायानं दाबायची, वडिलांच्या वेळची. हळू चालायची, तार खायची, आणि हात आत गेला तर अडवायला पुढे जाळी नव्हती. तिच्यावर निघालेला रोल दादाला साडेअकराशेला पडायचा. हजाराच्या भावात ती प्रेस भंगारात शोभली असती. बाराशेच्या भावात तिच्यावर पन्नास रुपये सुटत होते. म्हणून ती चालली.

मी ती चालताना पाहिली. धाड, धाड, धाड. तिच्यासमोर वहिनी बसलेल्या. मी मनात म्हटलं, हा डावीकडचा त्रिकोण. आणि मी दादाबरोबर चहा प्यायला गेलो. हे मी स्वतःला कधी माफ केलेलं नाही.

अपघात संध्याकाळी पाचच्या सुमारास झाला. पट्टी अडकली, वहिनींनी सवयीनं दोन बोटांनी ती सरळ केली आणि पाय पेडलवरच होता. मी पोचलो तेव्हा वहिनींना दवाखान्यात नेलं होतं. प्रेसच्या खाली पट्टी पडली होती, पितळी दात लाल झालेले, आणि एका कामगारानं त्याच्यावर गोणपाट टाकलं होतं. दादा भिंतीला डोकं आपटत होता. खरंच आपटत होता, कपाळ सुजेपर्यंत. तो वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त ते त्रिकोण छोटे वाटले होते.

आक्का रिक्षातून आली. हातात कापायची मोठी कात्री, जशी टेबलावरून उठली तशी. शेडमध्ये आली, गोणपाट उचललं, पाहिलं, खाली ठेवलं. दादा तिच्या उजवीकडे होता, चांगला चार हात लांब. मी समोर होतो.

घरात सांगतात की मी मध्ये पडलो. मी जागचा हललो नव्हतो. दादाकडे तिनं पाहिलंही नाही.

"याला ठाऊक नव्हतं," आक्का म्हणाली. "तुला ठाऊक होतं."

आणि तिनं कात्री फेकली. डोळा वाचला तो नशिबानं. रक्त डोळ्यात गेलं, सगळं लाल झालं, मी खाली बसलो. मला आठवतं, मला बरं वाटलं. कुणीतरी एकदाचं मला मारलं होतं.

पुढे काही वर्षांनी ड्युटी उतरली. रोल पुन्हा स्वस्त झाला, दुसरी पाळी बंद झाली, प्रेस किलोच्या भावानं गेली. शेठचा हात वाकडाच जुळला. ते डाव्या हातानं माप द्यायला शिकले. आक्कानं पुन्हा तीन मशिनं घेतली आणि वहिनींना परत बोलावलं. पण मशिनवर त्या बसू शकल्या नाहीत. त्या तयार बॅगा तपासतात. डाव्या हातानं प्रत्येक चेन दोनदा उघडतात, दोनदा मिटतात. मी गेलो की "या सर" म्हणतात आणि चहा मागवतात. आक्काही बोलते, शिव्या देते, जेवायला थांबवते. कटिंग टेबलाजवळ मात्र मला उभं राहू देत नाही.

मी निवृत्त होईपर्यंत दरवर्षी ती आकृती शिकवली. आडव्या दोन रेघा, मधले चार तुकडे. शेवटच्या वर्षी पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. हुशार होती, खराडीला कंपनीत नोकरी धरायची घाई असलेली.

"सर, बाकीच्या एरियाच्या मानाने हे ट्रँगल्स खूपच स्मॉल आहेत. एक्झाममध्ये नाही दाखवले तर चालेल का?"

"किती लहान वाटतात तुला?" मी विचारलं.

तिनं लांबूनच हवेत माप दाखवलं. उजव्या हाताची दोन बोटं, एकमेकांना चिकटवून.

"बरोबर," मी म्हणालो. "तेवढेच आहेत."

तास संपला. मी फळा न पुसता बाहेर आलो.